प्रतिक्रियेला उत्तर : मित्राच्या नाताळाला आपले शब्द

वाचकाची प्रतिक्रिया : “जो सण तुम्ही मानतच नाही, त्याच्या शुभेच्छा देणे हे शुद्ध ढोंग आहे. शिवाय नाताळ सगळीकडे २५ डिसेंबरलाच असतो असे तुम्ही धरून चालता. बाकी लेख म्हणजे रिकामटेकड्यांचा शिष्टाचार.”

दुसऱ्या धर्माच्या मित्राला नाताळच्या शुभेच्छा कशा द्याव्यात, यावरचा माझा लेख आपण वाचलात याबद्दल आभार. तारखेची चूक आधी मान्य करते. ज्युलियन पंचांग पाळणाऱ्या ऑर्थोडॉक्स चर्चमध्ये, उदाहरणार्थ सर्बियात, नाताळ आपल्या नेहमीच्या दिनदर्शिकेप्रमाणे ७ जानेवारीला येतो. मित्र कोणत्या चर्चला जातो हे विचारूनच तारीख धरावी, असे मी लिहायला हवे होते. ते वाक्य आज दुरुस्त केले आहे. शेवटच्या शेऱ्याला मात्र मी उत्तर देणार नाही, कारण त्यात मुद्दा नाही, नुसता तिरस्कार आहे.

आता ‘ढोंग’ या शब्दाकडे वळते. अनोळखी माणसाच्या तोंडावर हा शब्द फेकण्यापूर्वी आपण क्षणभर थांबला असतात, तर बरे झाले असते. मनात नसलेले बोलणे म्हणजे ढोंग. ‘तुझा नाताळ आनंदात जावो’ या वाक्यात मी नेमके काय बोलते, ते पाहा. ‘जावो’ हे आज्ञार्थी रूप आहे. त्यातून इथे इच्छा व्यक्त होते, कोणत्याही घटनेची ग्वाही दिली जात नाही. बेथलेहेमला काय घडले याबद्दल मी त्यात चकार शब्द काढत नाही. मैत्रिणीचा दिवस चांगला जावा, एवढीच माझी इच्छा आहे आणि ती शंभर टक्के खरी आहे. ‘तुझा’ हा शब्दही मी विचारपूर्वक ठेवते, कारण सण तिचा आहे.

ढोंग कुठे शिरते, तेही मला ठाऊक आहे, कारण ते एकदा माझ्याच हातून झाले आहे. ‘आज आपला तारणहार जन्मला’ असे एक सजवलेले वाक्य मी कुठूनसे उचलून मैत्रिणीला पाठवले होते. मराठीत ‘आपला’ म्हटले की बोलणारा आणि ऐकणारा दोघेही त्यात येतात, म्हणजे मी न मानलेल्या श्रद्धेखाली माझी सही झाली होती. तिने संध्याकाळी सरळ विचारले, “हे तू लिहिलंस?” त्या प्रश्नात राग नव्हता, पण मला मान वर करवेना. उलट बाजूची चूकही होते. तिच्या श्रद्धेचा उल्लेख नको म्हणून काही जण ‘सुट्टीच्या शुभेच्छा’ असे गुळमुळीत लिहितात. जिवलग मैत्रिणीला तसे लिहिणे म्हणजे तिच्या दिवसाचे नाव घ्यायलाही कचरणे होय.

आमची मैत्री एकवीस वर्षांची आहे, म्हणून हे सांगण्याचा अधिकार मला आहे असे मी समजते. तिची आई गेली त्या वर्षीच्या २४ डिसेंबरला मी लिहायला बसले, तेव्हा पहिला मसुदा असा होता : ‘तुला व कुटुंबीयांना नाताळच्या आनंदमय शुभेच्छा, प्रभू तुमच्या सर्व मनोकामना पूर्ण करो.’ हे वाक्य कोणालाही पाठवता आले असते. शिवाय ज्या घरात पहिल्यांदाच एक खुर्ची रिकामी होती, तिथे ‘आनंदमय’ हा शब्द टोचला असता आणि ‘प्रभू’ माझ्या तोंडी उसना वाटला असता. मी तो खोडला आणि लिहिले : ‘आज मध्यरात्रीच्या मिस्साला तू पहिल्यांदाच आईशिवाय जाशील, हे माझ्या मनात आहे. तुझा नाताळ शांततेत जावो. उद्या संध्याकाळी फोन करते.’ मिस्साला, म्हणजे चर्चमधल्या उपासनेला, निघण्यापूर्वी तिच्या हाती पडावे म्हणून हे रात्री नऊच्या आत पाठवले. दुसऱ्या दिवशी फोनवर ती आधी आईच्या आवाजातल्या एका नाताळगीताबद्दल बोलली आणि मग बराच वेळ रडली.

यातला कोणता शब्द ढोंगी होता, हे आपण बोट ठेवून दाखवावे. मिस्साचे नाव मी घेतले, कारण ती तिथे जाणार होती. मी जाणार असल्याचा आव त्यात नाही. शांततेची इच्छा माझी होती. फोनचे वचनही माझे होते आणि ते मी पाळले.

एक गोष्ट मात्र आपल्याशी वाद न घालता सांगते. त्या दिवशी फोन जमला नाही, तर गप्प बसू नये. अनेक पाश्चात्त्य चर्चमध्ये नाताळचा काळ २५ डिसेंबरला संपत नाही, ६ जानेवारीच्या प्रकटीकरणाच्या सणापर्यंत तो बारा दिवस चालतो. त्यामुळे २८ तारखेला ‘तुझा नाताळ कसा चालला आहे?’ असे विचारले, तर ते तिला उशिराचे वाटत नाही. गेल्या वर्षी मी नेमके हेच विचारले होते आणि तिने घरातल्या गव्हाणीच्या देखाव्याचा फोटो पाठवला. त्यात तिच्या आईने रंगवलेला, एक कान तुटलेला मेंढा अगदी पुढे ठेवलेला होता.