‘अस्पष्ट’ म्हणजे अस्पष्टच!

ग्रामसभेच्या रेकॉर्डिंगचा लेखी उतारा सारांशासाठी हातात आला, की कुणीतरी म्हणतंच, ‘बाई, गाळलेलं अंदाजाने भरा ना, काय ठरलं ते सगळ्या गावाला ठाऊक आहे!’ काय ठरलं? उताऱ्यात आहे: ‘डोंगरकापणीला आमची मान्यता [अस्पष्ट, ४ सेकंद]’. पुढे ‘आहे’ की ‘नाही’? नकार येतो शेवटी, आणि नेमका तोच पंख्याच्या घरघरीत गेला. लगेच [एकाच वेळी अनेक आवाज]. त्यात ‘हरकत’ एवढंच ऐकू येतं, कुणाची ते नाही. मग ती सरपंचांच्या नावावर कशी टाकू? मी लिहिते, ‘मान्यतेचा विषय निघाला, निर्णय ऐकू येत नाही, रेकॉर्डिंगमध्ये १४:३२ पाहा.’ तर म्हणे सारांश अर्धवट वाटतो! अहो, रेकॉर्डिंगच अर्धवट आहे. सचिवांची इतिवृत्ताची वही उघडा, नाहीतर बोलणाऱ्यालाच विचारा.