रेट कार्ड बनवायचंय? सबस्क्राइबर मोजा, बाकी डोळे मिटा

राजेहो, स्पॉन्सरशिपचं रेट कार्ड बनवायला डोकं लागत नाही, साधा कॅल्क्युलेटर लागतो. चॅनलवर जितके सबस्क्राइबर तितक्या चवन्न्या, झालं तुमचं कार्ड तयार. माझे 2 लाख 14 हजार होते, गुणिले चार आणे, म्हणजे 53,500 रुपये एका व्हिडिओतल्या दीड मिनिटाच्या जाहिरातीचे, आणि हा आकडा मी नागपुरात बर्डीवर एका दुकानातून ग्लॉसी कागदावर छापून आणला, पन्नास कॉपी, वर सोनेरी बॉर्डर. तुम्हीही तसंच करा. बॉर्डर सोनेरीच घ्या, कारण यूट्यूबकडून येणारं बटण 1 लाखावर चांदीचंच असते, सोन्याची हौस कुठंतरी भागवावी लागते.

आता हे 2 लाख 14 हजार आले कुठून, हा प्रश्न कुणी विचारला तर विषय बदलायचा. माझं चॅनल खाण्याचं, मराठीत, तर्री पोहे कुठले चांगले, सावजी रस्सा घरी कसा करायचा, असलं. अडीच वर्षात चाळीस-पन्नास हजारावर घुटमळून राहिलं होतं. मग एका सकाळी कळमन्याच्या बाजारात संत्र्याच्या पेट्या भरणाऱ्या एका माणसाचे नुसते हात शूट केले, खटाखट खटाखट संत्री लावून राहिला होता गडी, एक शब्द बोलणं नाही, वीस सेकंदाचा शॉर्ट. तो जो पळाला तो पळालाच. दीड लाखाच्या वर लोक त्या हातांना सबस्क्राइब करून गेले, आणि हाताला भाषा लागत नसल्यामुळे त्यातले बरेच बांगलादेशातले, इंडोनेशियातले, पाकिस्तानातले. त्यांना तर्री म्हणजे काय ते माहीत नाही आणि माहीत करून घ्यायचंही नाही. पण मोजताना एक माणूस म्हणजे एक चवन्नी, तिथं भेदभाव करायचा नाही.

मग एका मसाल्याच्या कंपनीतून मेल आला. बाई मार्केटिंगच्या, बोलायला गोड. मी कार्ड पाठवलं. त्यांनी कार्डाबद्दल एक अक्षर न लिहिता विचारलं, "सर, मागच्या दहा मोठ्या व्हिडिओंचे पहिल्या तीस दिवसांतले व्ह्यूज पाठवता का? आणि स्क्रीनशॉट नको, यूट्यूब स्टुडिओ उघडून स्क्रीन रेकॉर्डिंग करून द्या."

अशा वेळी अपमान झाल्यासारखं वाटून घ्यायचं, हा माझा पहिला सल्ला. मी घेतलं. स्क्रीनशॉटमधला आकडा फोनवरच्या कोणत्याही फुकट ॲपमध्ये बदलता येतो म्हणून रेकॉर्डिंग मागतात हे मला माहीत होतं, पण अपमान तो अपमान. आणि "पहिल्या तीस दिवसांतले" का, तर जुन्या व्हिडिओला जमवायला वर्ष मिळालेलं असते आणि नव्याला आठवडा, दोघांना एकाच काट्यावर तोलायचं नसते म्हणून. म्हटलं ना, चिकित्सक बाई.

तरी पाठवले. नऊ व्हिडिओ 5,900 ते 8,200 च्या मधले आणि एक 61 हजाराचा, कारण त्या दिवशी एका टपरीवर दोन गिऱ्हाइकांचं भांडण जुंपलं आणि ते कॅमेऱ्यात आलं. मी लगेच दहाही जोडून दहाने भागलं, 12,450 आलं, छान आकडा. इथं माझा सल्ला असा की असा एक भांडणाचा व्हिडिओ प्रत्येकाने जपून ठेवावा, सरासरी एका फटक्यात दुपटीच्या जवळ जाते. बाई मात्र म्हणाल्या, दहा आकडे लहान-मोठे लावून मधला घेऊ या. मधले दोन 7,100 आणि 7,300, म्हणून 7,200. आमच्या मसाल्याच्या व्हिडिओत भांडण होणार आहे का सर, असंही विचारलं. मी म्हटलं, गॅरंटी देता येत नाही.

शॉर्ट्सचे व्ह्यूज त्यात मिसळायचे का? मिसळा की! 31 मार्च 2025 पासून तर यूट्यूबवर शॉर्ट नुसता सुरू झाला किंवा परत फिरून लागला तरी एक व्ह्यू पडते, किती सेकंद पाहिला याची अटच नाही. खरंच थांबून पाहिलं त्यांचा आकडा स्टुडिओत वेगळा दिसते, Engaged views म्हणून, तिकडं बघायचं नाही, उगाच बीपी वाढते. आणि ब्रँडची जाहिरात मोठ्या व्हिडिओत जाणार असली तरी आकडा शॉर्ट्सचाच सांगायचा. विकायचं पोहे आणि दाखवायचा शेजारच्या हॉटेलातला गर्दीचा फोटो, अशातली ही गोष्ट, पण फोटो भारी पाहिजे.

देशाचं प्रकरण तर आणखी मजेदार. बाई म्हणाल्या आमचा मसाला फक्त भारतात मिळतो, तर भारतातले किती? मी स्टुडिओत प्रेक्षकांच्या टॅबवर गेलो आणि पूर्ण चॅनलचं पान उघडलं. भारत 41 टक्के! घाम फुटला. मी तो आकडा तसाच पाठवणार होतो, स्वतःच्या हाताने स्वतःची किंमत अर्ध्याखाली आणून. घरी भाची आली होती, बारावीतली, ती मागून बघून राहिली होती, म्हणाली, "मामा, हे शॉर्ट्स धरून आहे ना? तुझी जाहिरात कशात जाणार आहे?" मग तिनेच Advanced mode उघडलं, Geography निवडलं, फक्त मोठे व्हिडिओ ठेवले, तारीख मागच्या 90 दिवसांची केली. भारत 88 टक्के. उरलेल्या बारा टक्क्यांत दुबई-अमेरिकेतली आपलीच मंडळी, ज्यांना तर्रीची आठवण येते तेव्हा ते रडक्या कमेंटी टाकतात. इंडोनेशिया गायब.

म्हणजे पाहा, ज्या हातांनी मला चांदीचं बटण दिलं त्याच हातांनी माझा देश पळवला होता, आणि दोन्ही आकडे एकाच चॅनलचे, एकाच दिवशीचे. तुम्ही मात्र फिल्टरच्या भानगडीत पडू नका. आणि दुबईची मंडळी सगळ्या ब्रँडला नकोच असतात असंही नाही, परदेशातून पैसे पाठवायच्या ॲपवाल्यासाठी नेमके तेच बारा टक्के कामाचे आणि माझे मुंबई-नागपूरवाले फालतू. म्हणून एकच टक्का एकच भाव सगळ्यांना लावा, डोक्याला ताप नाही.

तर 7,200 चे 88 टक्के, म्हणजे 6,336 भारतातले व्ह्यूज. बाईंनी हजार व्ह्यूजला हजार रुपये धरले होते, हा काही सरकारी भाव नाही, त्यांच्या बजेटमधून निघालेला, दुसरा ब्रँड दुसरं सांगेल. 6,336 रुपये. माझ्या कार्डावर 53,500. मी तो मेल वाचून गच्चीवर गेलो.

एंगेजमेंट तेवढी बाकी होती. इथं सोपा उपाय, व्हिडिओच्या शेवटी म्हणायचं "कमेंटमध्ये तुमच्या गावाचं नाव लिहा, एका लकी विनरला मिक्सर", दोन हजार गावं येतात आणि टक्का उड्या मारते. मी ते केलंही होतं एकदा. बाईंनी नेमका तो व्हिडिओ वगळला. बाकीच्यांचे लाइक सरासरी 430, कमेंट 90, मिळून 520, भागिले 7,200, सात टक्क्यांच्या थोडं वर. मग त्या कमेंटी वाचायला बसल्या हो! "फर्स्ट" आणि नुसते बदाम बाजूला केले, आणि उरलेल्यांत "दादा हा काळा मसाला कुठून घेता", "खसखस नाही टाकली तर चालते का", असल्या बऱ्याच निघाल्या. त्यावर त्यांनी हजाराचा भाव बाराशे केला. म्हणजे एंगेजमेंट वेगळी विकत घेत नाहीत, ती फक्त हजारी भाव वर-खाली सरकवते, एवढं मला गच्चीवरून खाली आल्यावर कळलं. 7,603 झाले, 7,500 वर तुटलं. जाहिरात सहाव्या मिनिटाला नको, दुसऱ्या मिनिटाच्या आत टाका, ही अट घालून, कारण माझ्या ग्राफमध्ये सहाव्या मिनिटापर्यंत अर्धे लोक गेलेले असतात. रस्सा उकळायच्या आधीच.

एवढ्यात मी चिडून इतवारीतल्या आमच्या काकांकडे गेलो. काका पाण्याच्या मोटरीचं रिवाइंडिंग करतात आणि त्याचेच व्हिडिओ टाकतात, कॅमेरा डब्यावर टेकवलेला, बोलणं कमी, वायरचा गेज आणि टर्न जास्त. सबस्क्राइबर 19 हजार. त्यांनी माझंच कार्ड पाहून चार आण्यांचा हिशेब शिकला होता, म्हणून एका वायरवाल्या कंपनीला व्हिडिओमागे 4,750 सांगितले. कंपनीने घासाघीस केलीच नाही, सहा व्हिडिओ एकदम बुक केले. काका खूश, पेढे आले.

मी म्हटलं काका, जरा स्टुडिओ दाखवा. तीस दिवसांतला मधला आकडा 15 हजार. लोक मोटर जळली की शोधतात, सबस्क्राइब कोण करते, जळालेल्या मोटरीला बेल आयकॉन दाबायला सुचत नाही. भारत 96 टक्के. कमेंटीत लोक वायरचा नंबर विचारून राहिलेत. बाराशे सोडा, नुसत्या हजारच्या भावाने 14,400 रुपये होतात एका व्हिडिओचे. आणि उन्हाळ्यात मोटरी जळायला लागल्या की तेच जुने व्हिडिओ परत चढतात, वायरवाल्याचं नाव त्यात फुकट झळकत राहते, कारण काकांनी जाहिरात किती महिने ठेवायची हेही लिहून घेतलं नव्हतं.

काकांना मी सांगायला गेलो तर ते म्हणाले, "अबे पण तुझे दोन लाख आहेत ना, मग मी तुझ्यापेक्षा जास्त कसं मागू, शोभते का?" मला हे ऐकून फार बरं वाटलं. म्हणून म्हणतो, सबस्क्राइबरवरच भाव लावा. मान राहतो.

माझ्या पन्नास कॉप्यांतल्या एकोणपन्नास अजून पडून आहेत. कुणाला लागत असतील तर घेऊन जा, मागची बाजू कोरी आहे, आमच्या घरी सध्या त्यावर किराण्याची यादी होते. परवाच्या यादीत पहिली ओळ होती, काळा मसाला अर्धा किलो. कंपनीने पैसे दिले होते, मसाला दिला नव्हता.