पेंड्युलमचं टेबल असं भरा की सरांनी हातच जोडले पाहिजेत

भावा, पेंड्युलमचं प्रॅक्टिकल झालं, रिडिंग वहीत आलं, आणि आता सबमिशनच्या आदल्या रात्री साडेअकराला तू रिपोर्टचं टेबल टाइप करायला बसलायस, तर आधी कॅल्क्युलेटर जवळ ओढ आणि तो म्हणेल तसं कर. रिडिंग साधंच आहे. लांबी ८०.० सेंटिमीटर, गोळ्याच्या मध्यापर्यंत मोजलेली (हे एक बरं केलंस), २० आंदोलनांना वेळ ३५.९ सेकंद. वीसनं भागलं की T आला १.७९५ आणि g = 4π²L/T² मध्ये टाकलं की स्क्रीनवर ९.८०२१३८१२२. यातला एकही आकडा सोडायचा नाही. कॅल्क्युलेटर काय फुकट मिळालाय व्हय, दहा आकडे दाखवतोय तर दहाच्या दहा उतरवायचे, शेवटचा २ तर ठळक करायचा.

लोकांचं काय ऐकतोस. पावसाळ्यात कोल्हापुरात पंचगंगेच्या राजाराम बंधाऱ्याची पातळी येते बघ, ४० फूट २ इंच. ३९ ला इशारा, ४३ ला धोका, आणि तेवढ्यावर अर्धं गाव ठरवतं की सामान माळ्यावर टाकायचं का सगळ्यांनी पाहुण्यांकडं जायचं. कधी कुणी ४० फूट २.३७१८ इंच सांगितलेलं ऐकलंयस? तिथली माणसं साधी रे, पट्टीवर जेवढं दिसतं तेवढंच सांगतात, आणि वर फूट-इंच म्हणायला पण विसरत नाहीत. तू सायन्सचा, तुला असली बंधनं नाहीत.

आता तुझा पार्टनर मधेच शहाणपणा करणार. म्हणणार, स्टॉपवॉच शंभराव्या भागापर्यंत दाखवतंय खरं, पण बटण तुझ्या अंगठ्यानं दाबलंय, चालू करताना थोडा उशीर, बंद करताना थोडा उशीर, म्हणजे ०.२ सेकंद तरी इकडंतिकडं धर. ३५.९ मध्ये ०.२ म्हणजे साधारण ०.५६ टक्के, T चा वर्ग आहे म्हणून दुप्पट, १.१ टक्के झाले, लांबीत एक मिलिमीटर धरला तर अजून ०.१ टक्का. सगळं मिळून १.२ टक्के. ९.८ चे १.२ टक्के काढले की ०.१२, म्हणजे भावा तुझा पहिला दशांशच डुगडुगतोय, उत्तर लिही ९.८ ± ०.१ आणि झोप. असल्या पार्टनरला चहा आणायला पाठव. आणि एररचा कॉलम भरायलाच लागला तर तोही रुबाबात भर, ९.८०२१३८१२२ ± ०.१२१४६९. म्हणजे पहिल्या दशांशाचीच खात्री नाही, पण नवव्या दशांशाला आपण छातीठोक आहोत, आणि किती खात्री नाही ते सुद्धा सहा दशांशापर्यंत माहीत आहे.

एवढ्यावर थांबलास तर अर्धंच काम झालं. उत्तरात आकडे वाढवायचे तसे मधल्या कॉलमात उडवायचे, हे फार जणांना जमत नाही. T च्या कॉलमात १.७९५ कशाला, १.८ लिही, सुटसुटीत दिसतं. मग T² झाला ३.२४, आणि g निघाला ९.७४७८. बघ, रिडिंग तेच, स्टॉपवॉच तेच, हुक तेच, आणि g नुसत्या टायपिंगनं ०.०५ नं खाली आला, म्हणजे खऱ्या एररच्या जवळपास निम्मा! आणि तीन सार्थ अंकांचा नियम पाळून १.८० केलंस तरी वर्ग तोच ३.२४ येतो, म्हणजे नियम पाळूनही चुकता येतं, ही सोय कुणी सांगत नाही. मधे एखादा आकडा जास्त ठेवायचा आणि शेवटी एकदाच राउंड करायचं असलं काय तरी तो पार्टनर दारातनं ओरडेल, लक्ष देऊ नकोस. तो असंही म्हणेल की २० ही मोजलेली आंदोलनं आहेत, ती पक्की वीसच, त्यामुळं "वीसमध्ये एकच सार्थ अंक म्हणून उत्तरात पण एकच" हा हिशोब चुकीचा. त्याला साखर पण आणायला पाठव.

एक्सेल तर आपल्याच बाजूचं आहे. ८०.० टाकलं की ते गुपचूप ८० करतं, म्हणजे मिलिमीटरपर्यंत मोजलेली लांबी बघणाऱ्याला अंदाजे सांगितल्यासारखी वाटते. ९०.५ मात्र तसंच राहतं, त्यामुळं एकाच कॉलमात एक रिडिंग दशांशाचं आणि एक बिनदशांशाचं, कॉलमला कसा जिवंतपणा येतो. कुणी टोकलं की अख्खं टेबल सिलेक्ट करून `Increase Decimal` दाबत सुटायचं, ८०.०० होईपर्यंत. मिलिमीटरच्या पट्टीवर ०.१ मिलिमीटर वाचणारा कोल्हापुरात पहिला तूच. कॉलम निवडून त्याला पट्टीच्या लीस्ट काउंटएवढेच दशांश द्यायला अर्धं मिनिट लागतं, पण अर्धं मिनिट कुणाकडं आहे?

युनिटचं लई सोपं आहे, प्रत्येक खान्यात लिहायचं आणि दरवेळी वेगळं. एका ओळीत 80cms, खाली 90.5 Cm, त्याखाली 1 Mtr. हेडिंगमध्ये एकदा `L / cm` लिहून खाली नुसते आकडे ठेवले तर टेबल किती ओकंबोकं दिसेल. सेकंदाला मोठा S घाल. तो सिमेन्सचा, म्हणजे विजेच्या वाहकतेचा आहे खरं, पण पेंड्युलमच्या दोऱ्यातनं करंट जात नाही असं कुणी सिद्ध केलंय? गोळ्याचं वस्तुमान Kg मध्ये दे, मोठा K केल्विनचा असतो, गोळा गरम पण वाटेल. आणि g चं युनिट लिहिताना m आणि s मधली जागा आठवणीनं काढून टाक, सरळ ms⁻² असं चिकटव. वाचणारा ते प्रति मिलिसेकंद वर्ग असं वाचू शकतो, म्हणजे मीटर गेला उडत आणि आकडा दहा लाखपट झाला. एवढी ताकद एका स्पेसबारमध्ये असते, आणि आपण ती वाया घालवतो. हो, आणि 9.8 च्या पुढं नुसता g पण ठोकून बघ, सरळ उभ्या टाइपात तो ग्रॅम होतो. गुरुत्वीय त्वरण किराणा दुकानात मिळाल्यासारखं वाटतं.

शेवटचा कॉलम "स्टँडर्ड व्हॅल्यू", तिथं ९.८१ लिहायचं, आणि आपलं उत्तर तिथपर्यंत पोचावं म्हणून ३५.९ चं हळूच ३५.८९ करायचं. आता कोल्हापूर साधारण १६.७ अंश अक्षांशावर, समुद्रसपाटीपासून साडेपाचशे मीटरच्या आसपास, इथं g जवळपास ९.७८ च भरतो, ९.८१ हे पॅरिस-लंडनकडचं. आणि तुझं ९.८ ± ०.१ दोन्हीला पोटात घेतंय, म्हणजे रिडिंग बदलायची गरजच नव्हती. पण बदललंयस ना आता, मग असू दे. ओरलला सर चष्मा वर करून विचारतील, "काय रे, लंबक कुठं टांगला होतास?" लॅबमध्येच टांगला होता असं सांग. हुक कुठल्या गावात होतं ते त्यांनी विचारलेलं नाही.