लाभातला मंगळ

भाचीसाठी एका बऱ्या घरातून विचारणा आली आणि त्यांनी पत्रिका मागितली. मूळ कागद घर बदलताना गेला होता. त्याचा फोटो भावजींच्या फोनमध्ये होता, आणि तो फोन रिक्षात बसून पुढे निघून गेला. ॲपमध्ये तारीख-वेळ टाकली तर अर्ध्या मिनिटात कुंडली येते, पण ताईला गुरुजींनी मांडलेलीच हवी होती. "तू शब्दांत लिहून काढ," ती म्हणाली. घरातला वायफाय मीच चालू करतो, तेव्हा ग्रहही माझ्याच खात्यात येतात.

ताईच्या नणंदबाईंनी कधीतरी तो फोटो बघून कुणाला तरी मेसेज टाकला होता. तेवढा सापडला: "मं ११, गु श १, रा ४, चं ७, श ८, र बु ९, के १०. नाव रोहिणी." बस्स. लग्न कोणतं, म्हणजे जन्मवेळी पूर्वेला उगवणारी आणि पहिल्या स्थानात बसणारी रास कोणती, ते लिहिलेलंच नाही. पत्रिका लग्नासाठी आणि नेमकं लग्नच गायब.

नणंदबाई मात्र खूश होत्या. "मंगळ अकराव्या स्थानात, लाभात! उत्तम!" ताईने लगेच तो आनंद चार घरी कळवला.

मला शंका आली. आपल्याकडच्या कुंडलीत घरं जागची हलत नाहीत. वरचा मधला चौकोन म्हणजे पहिलं स्थान, तिथून डावीकडे मोजत जायचं. त्यामुळे स्थानाचा आकडा कुणी लिहीतच नाही. चौकोनात जो आकडा असतो तो राशीचा: मेष १, वृषभ २, असं मीन १२ पर्यंत. म्हणजे नणंदबाईंनी उतरवलेले आकडे राशींचे असणार. पण हे सिद्ध कसं करायचं? राहू-केतू कायम समोरासमोर असतात म्हणून ते आधी तपासले. ४ आणि १०, बरोबर समोरासमोर. पण आकडे राशींचे धरा की स्थानांचे, ते समोरासमोरच राहतात, त्यामुळे या साक्षीदारांचा काही उपयोग झाला नाही.

शेवटी रवी कामाला आला. भाचीचा जन्म १ जानेवारी २००० चा, पुण्यातला. मकर संक्रांत १४ जानेवारीच्या आसपास, म्हणजे १ तारखेला रवी धनूतच हवा, आणि धनू नववी. मेसेजमध्ये "र बु ९" आहेच. आकडे राशींचेच ठरले.

आता लग्न. सूर्योदयाला लग्नाची रास रवीचीच असते. पुण्यात त्या दिवसांत सूर्य सात-सव्वासातला उगवतो, तेव्हा धनू अर्धी उरलेली. पुढे एकेक रास सरासरी दोन तास. धनू साधारण आठ-सव्वाआठला संपते, मकर दहाच्या सुमारास, मग कुंभ. भाचीची वेळ दहा पन्नासची, म्हणून कुंभ लग्न. वेळ दोन राशींच्या सीमेवर असती तर ही बोटमोजणी चालली नसती, पंचांगातलं लग्नाचं कोष्टकच काढावं लागलं असतं.

तेवढ्यात भावजींनी विचारलं, "दोन शनी कसे?" खरंच की! १ मध्ये श, ८ मध्येही श. एकाचा उकार नणंदबाईंच्या अंगठ्याखाली गेलेला. शुक्र रवीपासून अठ्ठेचाळीस अंशांहून लांब कधी जात नाही, म्हणजे फार तर दोन राशी. धनूतला रवी सोडून तो मेषेत जाऊन बसणं शक्य नाही. तेव्हा वृश्चिकेतला तो शुक्र आणि मेषेत गुरूशेजारी शनी.

"आणि नक्षत्र रोहिणी," मामांनी परस्पर जाहीर केलं. रोहिणी वृषभेत असते, इथे चंद्र तुळेत. तुळेत चित्राचा उत्तरार्ध, स्वाती आणि विशाखाचे तीन चरण, इतकंच बसतं. गुणमेलनाला नक्षत्र लागतं, नुसत्या राशीवर भागत नाही. मग लक्षात आलं, रोहिणी हे नावरस नाव! स्वातीची अक्षरं रू, रे, रो, ता. तिसऱ्या चरणाचं 'रो' आलं म्हणून गुरुजींनी रोहिणी ठेवलं. स्वाती नक्षत्रावरच्या मुलीचं नाव रोहिणी ठेवल्यावर पुढच्या पिढ्यांनी काय करायचं, याचा विचार गुरुजींनी केला नसावा.

अंश मात्र कायमचे गेले, त्यामुळे नवमांश मांडता येईना. उरलं ते मी टाइप केलं:

लग्न कुंभ. पहिल्यात मंगळ. तिसऱ्यात मेषेचे गुरू, शनी. सहाव्यात कर्केचा राहू. नवव्यात तुळेचा चंद्र, स्वाती. दहाव्यात वृश्चिकेचा शुक्र. अकराव्यात धनूचे रवी, बुध. बाराव्यात मकरेचा केतू.

ताईने वाचलं आणि दुसऱ्या वाक्यावर बोट ठेवलं. "पहिल्यात? अरे, एक, चार, सात, आठ, बारा! म्हणजे मुलीला मंगळ आहे की!"

"आहे."

"लाभातला कुठे गेला?"

"तो लाभात कधी नव्हताच. अकरावी रास पहिल्या स्थानात आहे."

ती बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिली. मग फोन माझ्या हातात देत म्हणाली, "तुझं हे राहू दे. वन्संचा मेसेजच पुढे पाठव. गुरुजींचेच आकडे आहेत ना? ज्याला जसं वाचायचं तसं वाचू दे. आणि हो, त्या शनीला आधी उकार दे."