शिक्का, समास आणि सही: विवाह प्रमाणपत्राच्या भाषांतराबद्दल

«लग्नाचं सर्टिफिकेट एका पानाचं असतं. दोन्ही भाषा येणाऱ्या कुणीही स्कॅनवरून बरोबर भाषांतर करावं, नोटरी करून घ्यावी, झालं काम. सर्टिफाइडच्या नावाखाली नुसते पैसे काढतात.»

असे म्हणणारे लोक भेटतात. त्यांच्या म्हणण्यातला एक भाग खरा आहे, म्हणून तो आधी मान्य करतो. सगळीकडे परवानाधारक भाषांतरकारच लागतो असे नाही. अमेरिकेचा स्थलांतर विभाग परवाना मागत नाही; भाषांतर पूर्ण व अचूक आहे आणि ते करण्याची आपली पात्रता आहे, असे भाषांतरकाराने लेखी प्रमाणित करावे, एवढीच त्याची अट आहे. जर्मनीत मात्र अधिकृत कामासाठी सहसा न्यायालयाकडे शपथबद्ध असलेल्या भाषांतरकाराचाच शिक्का मागितला जातो. त्यामुळे कागद कोणत्या कार्यालयात जाणार, हे ठरल्याशिवाय ‘कुणीही’ हा शब्द वापरता येत नाही.

आता ‘बरोबर’ या शब्दाकडे वळू. वरच्या अटीत अचूकतेच्या आधी ‘पूर्ण’ हा शब्द येतो, आणि घरगुती भाषांतरे बहुधा तिथेच अडतात. समजा, स्कॅनमध्ये छापील रकान्यांखेरीज खाली उजवीकडे निबंधकाच्या सहीवर अर्धवट चढलेला गोल शिक्का आहे, डाव्या समासात वधूच्या नावातील दुरुस्तीची हस्तलिखित नोंद व तिच्याखाली आद्याक्षरे आहेत, आणि मागच्या बाजूला प्रत दिल्याचा शिक्का आहे. रकान्यांचे भाषांतर निर्दोष असले, तरी या तीन गोष्टी गाळल्या तर ते भाषांतर अपुरे ठरते. समासातली नोंद तर सर्वांत महत्त्वाची असते, कारण या कागदावर वधूचे नाव काय धरायचे, ते त्या दुरुस्तीवरच ठरते. अशा वेळी चौकटी कंसात ‘गोल शिक्का, निळी शाई, सहीवर अंशतः चढलेला’ असे वर्णन लिहून शिक्क्यातला वाचता येणारा मजकूर भाषांतरित करावा, आणि जे वाचता येत नाही तिथे ‘अवाच्य’ लिहावे. अंदाजाने भरलेले अक्षर पुढे खरे निघाले, तरी ते भाषांतर नव्हे.

‘स्कॅनवरून’ हा शब्द तर मुळीच हलका नाही. करड्या छटेतल्या स्कॅनमध्ये निळा शिक्का आणि काळी सही एकमेकांत मिसळतात, आणि मोबाइलने काढलेल्या फोटोत कडेची ओळ हमखास कापली जाते. मी तरी काम हाती घेण्याआधी दोन्ही बाजूंचे, कडांसह, ३०० डीपीआयचे रंगीत स्कॅन मागतो, आणि मूळ कागद न पाहता स्कॅनवरून काम केले असेल तर भाषांतराखालच्या माझ्या लेखी विधानात तसे नमूद करतो.

तारीख आणि नाव या दोन ठिकाणी चांगला जाणकारही फसतो. कागदावर विवाहाची तारीख ०३/०४/२०११ असेल, तर ती ३ एप्रिल की ४ मार्च? त्याच पानावर नोंदणीची तारीख २१/०४/२०११ असेल, तर तिथे आधी दिवस लिहिला आहे हे सिद्ध होते, आणि एकाच हाताने भरलेल्या त्याच कागदावर विवाहाची तारीखही ३ एप्रिल अशी महिना अक्षरी लिहून देता येते. असा पुरावा नसेल तर आकडे जसेच्या तसे ठेवावेत. नावाचे लिप्यंतर पारपत्रातल्या लेखनाशी जुळवून घेता येते, पण मूळ कागदावरच एखादे अक्षर चुकलेले असेल तर ते गुपचूप सुधारायचे नाही. चूक तशीच ठेवून, पारपत्रात नाव वेगळे आहे असे सांगणारी भाषांतरकाराची टीप वेगळी द्यायची. मूळ चूक दुरुस्त करण्याचा अधिकार निबंधकाचा आहे.

नोटरीबद्दलचा गैरसमज थोडक्यात. समोर येऊन सही करणारी व्यक्ती तीच आहे, इतकेच नोटरी सहसा सांगते. भाषांतर बरोबर आहे की नाही, याबद्दल ती काहीच बोलत नाही. १९६१ च्या हेग करारानुसार कागद परदेशात वापरण्यासाठी त्याला जोडले जाणारे अपोस्टिल हे प्रमाणपत्रही मूळ दस्तऐवजावरील सही-शिक्क्याच्या खरेपणापुरते असते. एखादे कार्यालय या गोष्टी जरूर मागेल, पण त्या भाषांतरकाराच्या विधानाची जागा घेत नाहीत.

राहिले पैसे. ते ज्या विधानासाठी द्यायचे, ते तीन-चार ओळींचे असते: कोणत्या दस्तऐवजाचे, कोणत्या भाषेतून कोणत्या भाषेत भाषांतर केले, ते पूर्ण व अचूक आहे, भाषांतरकार दोन्ही भाषांत पारंगत आहे, आणि खाली पूर्ण नाव, सही, तारीख व संपर्क. ब्रिटनच्या गृह खात्याला तारीख, नाव, सही आणि संपर्क हे सगळे लागते, म्हणजे शंका आल्यास ते भाषांतरकाराला गाठू शकतात. अशा वेळी समासातली ती आद्याक्षरे का गाळली, याचे उत्तर त्यालाच द्यावे लागते.