उचल मागणं म्हणजे भीक नव्हे

आज डोकं फिरलंय, त्यामुळे पोस्ट लांब होणार. वाचायचं नसेल तर पुढं सरका.

आमच्या फौंड्रीत फेटलिंगला एक पोरगा आहे. चार वर्षं झाली, खाडा जवळजवळ नाहीच. मंगळवारच्या वळवानं त्याच्या घराचे अकरा पत्रे उडाले. आज सकाळी त्यानं गेटजवळ साहेबांना गाठलं आणि म्हणाला, "साहेब, थोडी उचल पाहिजे होती, पन्नासेक हजार." साहेबांनी सगळ्या शिफ्टसमोर विचारलं, "पैशाचं झाड लागलंय काय हितं?" चारजण हसले. हसणाऱ्यांतल्या दोघांनी गेल्या दिवाळीआधी उचल घेतलेली आहे. पगारपत्रक मीच करते, मला माहीत आहे.

पोरगा मान खाली घालून आत गेला आणि मला 2010 सालची मीच आठवले.

आईचं खुब्याचं ऑपरेशन होतं. मला 24,000 कमी पडत होते आणि हातात पगार यायचा 9,200. मी अर्ज लिहिला, "तरी कृपया मला मदत करावी, मी लवकरात लवकर फेडीन." तो घेऊन केबिनबाहेर उभी होते, घशाला कोरड पडलेली. आमचे तेव्हाचे अकाउंटंट काका तिथून जात होते. त्यांनी कागद हातातून घेतला, हिरव्या शाईच्या पेनानं 'लवकरात लवकर' वर आडवी रेघ मारली आणि म्हणाले, "पोरी, ही काय तारीख झाली का? कधी फेडणार ते लिही."

मग मी लिहिलं, दरमहा 4,000, सहा महिन्यांत संपलं. आपण किती प्रामाणिक ते दाखवायचं होतं ना! काकांनी तेही खोडलं. "9,200 मधले 4,000 गेल्यावर खाणार काय? तिसऱ्या महिन्यात परत ह्याच दारात उभी राहशील, आणि तेव्हा तुला कोण विचारणार नाही."

शेवटी जे ठरलं ते मला अजून पाठ आहे. मेच्या पगारातून 2,000. जूनमध्ये काही नाही, कारण पोरांची वह्या-पुस्तकं. जुलैपासून मार्चपर्यंत पुन्हा दरमहा 2,000, आणि दिवाळीला बोनस हातात आला की त्यातले 4,000 मी स्वतः रोख भरून पावती घ्यायची. "बोनसमधून परस्पर कापा असं लिहू नको," काका म्हणाले, "आधी तो तुझ्या हातात येऊ दे." बेरीज केली तर बरोबर 24,000 होतात आणि 31 मार्चला खातं निल. मार्च का, ते पुढं मी स्वतः अकाउंट्सला आल्यावर कळलं. वर्ष संपताना ताळेबंदात कामगारांकडची येणी लोंबकळत राहिली की मालकाचं डोकं उठतं. त्याआधी संपणारी उचल तो जास्त सहज देतो.

साहेबांची बाजू नाहीच असं मी म्हणत नाही. गिऱ्हाइकाचे पैसे नव्वद दिवसांनी येतात, वीजबिल थांबत नाही, आणि गेल्या दोन वर्षांत तिघं उचल घेऊन परत फिरकलेच नाहीत. मान्य. पण त्या तिघांच्या अर्जांवर फक्त रक्कम आणि सही होती. कधी, किती, मध्येच काम सोडलं तर काय, एक ओळ नाही. तशा कागदावर पैसे देणाऱ्याचीही चूक आहे की.

आणि एक बोलू का? आमच्या साहेबांचा आठ एकर ऊस आहे. नोव्हेंबर आला की कारखान्याची पहिली उचल किती, हे त्यांच्याइतकं तावातावानं कोण विचारत नाही. तिथं उचल म्हणजे घामाचा हक्क. इथं कामगारानं तोच शब्द काढला की झाड!

असो. जेवणाच्या सुट्टीत पोराला टेबलाशी बसवलं. पहिला प्रश्न, पन्नासच का? म्हणाला, "ताई, मागताना जास्तच मागायचं, कापूनच देत्यात." हेच चुकतं. गोल आकडा ऐकला की समोरच्याला वाटतं, अंदाजपंचे आहे. फॅब्रिकेशनवाल्याचा अंदाज त्याच्या मोबाईलमध्येच होता, पत्रे, अँगल, मजुरी धरून 38,000. त्याच्याकडचे 8,000 आहेत. म्हणजे मागणी 30,000 ची, अंदाजपत्रक जोडून. पन्नासचे तीस झाले आणि एकाही रुपयासाठी गयावया नाही.

मग हप्ता. त्याचा पगार 20,000. पीएफ 1,800, ईएसआय 150, व्यवसाय कर 200 गेला की हातात 17,850. हा म्हणाला, पाच-पाच हजार कापा. (पुन्हा मीच, 2010!) मी विचारलं, पतसंस्थेचा हप्ता? 2,500. भिशी? 1,000. ह्या दोन गोष्टी पगारपत्रकात दिसत नाहीत, त्या आपणच सांगायच्या असतात. सगळ्या कपाती मिळून पगाराच्या निम्म्यावर जाऊ नयेत असं नव्या वेतन संहितेतही आहे, पण कायद्याचं निम्मं आणि घर चालायचं निम्मं वेगळं. 3,000 वर आणलं. जूनचा पगार सोडून जुलै ते फेब्रुवारी आठ हप्ते, 24,000. दिवाळीला 6,000 तो स्वतः भरणार. मार्चच्या आत निल.

खाली दोन ओळी घातल्या. काम सोडल्यास राहिलेली रक्कम शेवटच्या हिशेबातून वळती करावी. आणि दर महिन्याच्या पगार स्लिपवर कापलेली रक्कम व बाकी दोन्ही दाखवावी. ही दुसरी ओळही काकांचीच. त्या सप्टेंबरला माझे 2,000 दोनदा कापले होते. कुणाची लबाडी नव्हती, रजिस्टरला दोनदा चढलं होतं, पण माझ्याकडे अर्जाची प्रत नसती तर मी आवाज काढला नसता. प्रत घ्या. पोच म्हणून सही घ्या. आणि कुणी तारण म्हणून कोरा चेक मागितला तर देऊ नका, हप्ता पगारातूनच जातोय तर चेक कशाला?

"पीएफ काढ की," असं एक शहाणा म्हणालाच. बरोबर आहे, आजारपणासाठी काढता येतो, मीच कितीजणांना काढून दिलाय. पण ह्याच्या आधारवर नाव एक नि पीएफला दुसरं. ते जुळेपर्यंत मृग येईल. मग उरतो तो गल्लीतला शेकडा पाचवाला. 30,000 वर महिन्याला 1,500 नुसतं व्याज, मुद्दल जिथल्या तिथं. वर्षभरात 18,000 भरून 30,000 तसेच.

साहेबांवर सकाळी होता तेवढा राग आता नाही. चार वाजता अर्ज घेऊन मीच गेले. त्यांनी वाचला, अंदाजपत्रक उलटून पाहिलं, "हे असं आधी आणायला काय झालं होतं?" म्हणाले. हो म्हणाले नाहीत. सोमवारी बघू म्हणाले. सकाळच्या झाडाबद्दल एक शब्द नाही, पण अर्ज ड्रॉवरमध्ये न टाकता टेबलावर पेपरवेटखाली ठेवला. मी सोळा वर्षं त्यांच्या टेबलाकडे बघतेय, एवढं कळतं.

आत्ता बाहेर पुन्हा आभाळ भरलंय. शिरोली-हुपरीकडं कुणाकडे वीस बाय तीसची ताडपत्री जास्तीची पडून असेल तर इनबॉक्समध्ये सांगा. सोमवारपर्यंतच हवी आहे, परत आणून देण्याची जबाबदारी माझी.