रिमाइंडर पाठवला की लोक कॅन्सल करतात म्हणे

महिन्याच्या स्नॅक बॉक्सचं काम करणाऱ्या प्रत्येक टीममध्ये एक माणूस असतोच जो म्हणतो, अरे रिन्यूअलचा रिमाइंडर कशाला पाठवायचा, झोपलेल्याला उठवून 'निघतोस का' विचारल्यासारखं आहे ते. मी हे मेसेज लिहायचंच काम करते, त्यामुळे हे वाक्य इतक्या वेळा ऐकलंय की आता चिडही येत नाही. त्याच्या म्हणण्यात तथ्य अजिबात नाही असं नाही हां, रिमाइंडर गेला की त्या दिवशी कॅन्सलचा आकडा वर जातो, हे डोळ्याला दिसतं. पण ती माणसं रिमाइंडरमुळे जात नाहीत, ती आधीच मनाने गेलेली असतात, फक्त आठवण झाली नव्हती. रिमाइंडर नाही पाठवला तर तीच माणसं पैसे कापल्याचा बँकेचा मेसेज बघून जातात, आणि मग रिफंड मागून, भांडून, कधीकधी थेट बँकेकडे तक्रार करून जातात. बँकेकडे वाद गेला की पैसे तर बऱ्याचदा परत जातात, वर बहुतेक वेळा त्याची फी लागते आणि तोवर बॉक्स निघालेला असेल तर माल पण गेला.

तर पाठवायचा की नाही यावर मी वाद घालतच नाही. खरा घोळ कधी पाठवायचा यात आहे, आणि तिथे बहुतेक जण बिलिंगची तारीख धरून बसतात. पैसे कापायच्या ३ दिवस आधी ऑटोमॅटिक मेसेज, झालं काम. पण गिऱ्हाईकाच्या डोक्यात बिलिंगची तारीख नसतेच ना! त्याच्या डोक्यात बॉक्स असतो. आला का, संपला का, आवडला का, बस.

आता एक उदाहरण घेऊ, आकडे समजायला म्हणून घेतलेत. समजा सगळ्यांचे पैसे १ तारखेला कापले जातात, ५ तारखेला पॅकिंगची यादी लॉक होते, ८ ला बॉक्स निघतात आणि १२ च्या आसपास घरी पोचतात. एक बाई २५ तारखेला नवीन सबस्क्राइब करते, लगेच पहिल्या बॉक्सचे पैसे देते. चालू महिन्याचे बॉक्स तर कधीच निघून गेलेत, म्हणजे तिचा बॉक्स पुढच्या महिन्याच्या ८ तारखेला निघणार. आणि सिस्टिम काय करते, २८-२९ ला तिला मेसेज टाकते, 'तुमचा पुढचा बॉक्स रिन्यू होतोय, आमच्यासोबत राहिल्याबद्दल धन्यवाद!' अहो, तिने अजून एक पाकीट फोडलेलं नाही! १ तारखेला परत पैसे कापले जातात, आठवड्याभरात दोनदा पैसे गेले आणि घरात खायला काही नाही. तिला वाटणार फसवलं, आणि का वाटू नये. मग सपोर्टवाला तिला बॅच सायकल समजावत बसतो, ती तोवर कॅन्सलचं बटण शोधत असते.

हे ओळखायचं कसं? अगदी सोपं आहे, पहिल्या रिन्यूअलला कॅन्सल करणाऱ्यांची यादी काढा आणि त्यांनी महिन्याच्या कुठल्या तारखेला सबस्क्राइब केलं होतं ते बाजूला लिहा. महिनाअखेरीच्या तारखांचा गठ्ठा दिसला की समजायचं, स्नॅक्सचा काही दोष नाही, तारखांचा आहे. उपाय मेसेज गोड करण्यात नाही, नियम बदलण्यात आहे: पहिला बॉक्स डिलिव्हर झाल्याची नोंद येत नाही तोवर रिन्यूअल पण नाही आणि रिमाइंडर पण नाही. त्या बाईचं पहिलं रिन्यूअल एक महिना पुढे ढकला. एक महिन्याचं बिल उशिरा येईल, हिशेबवाले कुरकुर करतील, करू देत.

जुन्या लोकांचं दुखणं वेगळं. ते कंटाळून जातात त्यापेक्षा जास्त वेळा साठून जातात. १२ ला आलेला बॉक्स ३० ला अर्धा शिल्लक, कपाटात मागच्या महिन्याची दोन पाकिटं, आणि आता तिसरा येणार. त्यांना बॉक्स नकोय असं नाही, *हा* बॉक्स आत्ता नकोय. पण मेसेजमध्ये रिन्यू आणि कॅन्सल एवढंच असेल तर ते कॅन्सलच दाबणार, दुसरं काय दाबणार? म्हणून रिमाइंडरमध्ये 'हा महिना वगळा' आणि 'दर दोन महिन्यांनी पाठवा' ही दोन बटणं दिसली पाहिजेत, पाच स्क्रीन आत लपवून नाहीत. आणि मेसेज असा साधा लिहा:

'१ तारखेला तुमच्या कार्डावरून पुढच्या बॉक्सचे इतके पैसे जातील. बॉक्स ८ ला निघेल. मागचा अजून संपला नसेल तर ३० तारखेपर्यंत हा महिना वगळा, पैसे कापले जाणार नाहीत. ॲलर्जीची माहिती किंवा पत्ता बदलायचा असेल तर ५ पर्यंत बदलता येईल.'

बस. रक्कम, तारीख, शेवटची मुदत. मुदत महत्त्वाची, कारण ५ नंतर यादी लॉक झाली की तुम्ही इच्छा असून काही करू शकत नाही, आणि ते आधी सांगितलेलं नसेल तर भांडण ठरलेलं. आणि हो, बॉक्स कुणी गिफ्ट दिला असेल तर हा मेसेज पैसे देणाऱ्याला जायला हवा, खाणाऱ्याला नाही. ज्याला भेट मिळाली त्याला रकमेसकट रिमाइंडर गेला की देणाऱ्याची काय अवस्था होते विचारू नका.

सोशल मीडियावरच्या पोस्टचं बोलायचं तर पुढच्या बॉक्समधली एखादी गोष्ट दाखवायची पोस्ट पैसे कापल्यावर टाकून उपयोग शून्य, ती महिना वगळायची मुदत संपायच्या आधी यायला हवी, कारण निर्णय तेव्हा होतो. पण माझ्या मते त्याहून कामाची पोस्ट डिलिव्हरीनंतर आठवड्याभराने टाकायची असते, आत्ताच्या बॉक्सबद्दल. कुठलं पाकीट आधी संपवा कारण ते लवकर मऊ पडतं, कुठलं राहिलं तरी चालेल, कुठलं कशासोबत खा. बॉक्स संपला तरच पुढचा हवासा वाटतो ना. 'तुमची आठवण येते' टाइप पोस्ट तर बंदच करा, आणि कॅन्सल दाबल्या दाबल्या मोठा डिस्काउंट दाखवणं पण. लोक हुशार असतात, दर दोन महिन्यांनी मुद्दाम कॅन्सल दाबून बघतात आणि दुसऱ्यांना पण सांगतात, मग इमानदारीत पूर्ण पैसे देणाराच मूर्ख ठरतो.

आणि प्लीज, ज्यांचं कार्ड फेल झालंय त्यांना यात मिसळू नका. ते सोडून गेलेले नाहीत, बिचाऱ्यांना माहीत पण नसतं. खात्यात तेव्हा पैसे नव्हते तर दोनेक दिवसांनी परत ट्राय केलं की बऱ्याचदा जातात, पण कार्ड एक्स्पायर किंवा बंद झालं असेल तर दहा वेळा ट्राय करून काही होणार नाही, तिथे सरळ लिहायचं की पैसे गेले नाहीत, ५ च्या आत नवीन कार्ड टाका नाहीतर या महिन्याचा बॉक्स निघणार नाही. अशा माणसाला 'परत या, २० टक्के सूट' पाठवणारे पण बघितलेत मी. तो कुठे गेलाच नव्हता आणि तुम्ही त्याला फुकटची सूट देऊन बसलात!